चालताना पाय का अडतात?

माझ्या परिचयातील एका सत्तरीच्या गृहस्थांचे पाय दोनशे पावलांतच भरून येत. नुसते उभे राहून आराम पडत नसे. बसले वा पुढे वाकले, की पडे. सायकल मात्र ते सहज चालवीत. रक्तवाहिनी अरुंद असती, तर उभ्यानेही वेदना शमली असती आणि सायकलनेही पोटऱ्या दुखल्या असत्या. शिवाय पावलांतील नाडी चांगली लागत होती. दोष कमरेच्या मणक्यांतील मज्जातंतूंच्या नलिकेत होता. वाकल्याने ती किंचित रुंदावते.

एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यांदरम्यान ती अरुंद दिसली. परंतु त्रास नसलेल्या वृद्धांतही असे चित्र आढळते. केवळ त्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. पायांत बळ होते, म्हणून प्रथम व्यायाम झाला. काही महिन्यांनी चालणे आणखी घटले, तेव्हाच दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रिया निवडली. लघवीवरील ताबा सुटल्यास वा पायातील बळ झपाट्याने गेल्यास मात्र एक दिवसही थांबू नये.