पाठ केलेले उत्तर आणि सांगितलेली गोष्ट

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



कोहका, सुपेला आणि आसपासच्या वस्तीतील मुले मुलाखतीच्या आधी माझ्याकडे येतात. गेली काही वर्षे मी त्यांचा सराव घेत आहे. बहुतेकांच्या हाती एक वही असते. तिच्यात अपेक्षित प्रश्न असतात आणि त्यांखाली सुवाच्य अक्षरांत उत्तरे लिहिलेली असतात. ही उत्तरे कुठल्यातरी मार्गदर्शक पुस्तकातून घेतलेली, इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मनातल्या मराठीत आलेली असतात. मुले म्हणतात, “ही थोडी बदलून द्या, म्हणजे पाठ केल्यासारखी वाटणार नाहीत.” ही मागणी वरवर लहान दिसते. ती पुरी करण्यासाठी नेमके काय बदलावे लागते, एवढेच मी आज सांगणार आहे.

एका मुलाचे उदाहरण घेतो. विद्युत शाखेची पदविका घेतलेला हा मुलगा. वडिलांचे मोटर रिवाइंडिंगचे छोटे दुकान. एका मुलाखतीत तो आधी अपयशी ठरला होता. “स्वतःविषयी सांगा” या प्रश्नाचे त्याचे उत्तर असे होते. मुलाखत हिंदीत होती. मी ते मराठीत सांगतो.

“सर्वप्रथम, मला ही संधी दिल्याबद्दल मी आपला आभारी आहे. मी एका मध्यमवर्गीय कुटुंबातून आलो असून माझे वडील व्यावसायिक आहेत. मी मेहनती, प्रामाणिक व ध्येयनिष्ठ आहे. नेतृत्वगुण व संघभावना ही माझी बलस्थाने आहेत. तसेच प्रत्येक काम परिपूर्ण करण्याचा अतिआग्रह ही माझी उणीव आहे.”

मी त्याला विचारले, “हे उत्तर दिल्यावर पुढे काय झाले?” तो म्हणाला, “त्यांनी विचारलं, नेतृत्व कुठे केलंस, एक प्रसंग सांग. मला काही सुचलंच नाही.”

सारा दोष या एका वाक्यात आहे. उत्तर हे पुढच्या प्रश्नाचे आमंत्रण असते. त्याने ज्या गोष्टीचे आमंत्रण दिले, ती त्याच्या घरात नव्हतीच.

मग त्याने स्वतःच एक दुरुस्ती करून आणली. “केले” होते तिथे “केलं” झाले. “तसेच”च्या जागी “आणि” आले. मधूनमधून “खरं सांगायचं तर”, “म्हणजे कसं की” असे शब्द पेरले गेले. हिंदीत त्याने “एवं” काढून “और” घातले, “के माध्यम से” काढून नुसते “से” घातले. ही दुरुस्ती अगदीच व्यर्थ नव्हती. कागदावरची जोडाक्षरी भाषा तोंडात अडखळते आणि ऐकणाऱ्याला ती लगेच कळते. तरीही उत्तर पाठच वाटत होते. “खरं सांगायचं तर मी मेहनती आहे” हे वाक्य तर मूळ वाक्याहून अधिक खोटे वाटले. मुलाने सदरा बदलला होता. आतला माणूस अजून आलाच नव्हता.

पाठांतर ओळखू येते ते शब्दांवरून कमी आणि चालीवरून अधिक. प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू होते. सोपा भाग आणि अवघड भाग एकाच वेगाने येतात. बोलताना माणूस एखादे वाक्य अर्धवट सोडून नीट करून घेतो. पाठांतरात तसे कधी घडत नाही. आणि मध्येच कोणी प्रश्न विचारला, की गाडी मागच्या स्थानकावर जाऊन पुन्हा सुरू होते. ही शेवटची खूण पक्की आहे. पालकांना घरी तपासता येण्याजोगीही तीच आहे. मुलाला उत्तराच्या मध्यावर थांबवा आणि काहीतरी विचारा. तो तिथूनच पुढे निघाला तर त्याला गोष्ट माहीत आहे. पहिल्या वाक्याकडे परतला तर त्याला फक्त वाक्ये माहीत आहेत.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1981 च्या आपल्या ‘फॉर्म्स ऑफ टॉक’ या पुस्तकात बोलण्याचे तीन प्रकार वेगळे केले आहेत: पाठ म्हणणे, वाचून दाखवणे आणि त्या क्षणी जुळवून बोलणे. आपल्याला हा भेद नवा नाही. आपले कीर्तनकार यांतले दोन प्रकार एकाच बैठकीत वापरतात. अभंग किंवा पद अक्षरशः पाठ असते. तिथे एक मात्राही हलत नाही. निरूपण मात्र समोरची मंडळी पाहून चालते. उत्तररंगातले आख्यान बुवांनी शंभरदा सांगितलेले असते, तरी त्यांनी वाक्ये पाठ केलेली नसतात. त्यांच्या मनात प्रसंगांचा क्रम असतो. म्हणून मध्येच एखादे मूल रडले तर बुवा त्यालाही आख्यानात घेतात आणि पुढे जातात. मुलाखतीची तयारी मी याच रीतीने करून घेतो.

पहिली पायरी खोडण्याची. प्रत्येक वाक्यापुढे विचारायचे: हे शेजारच्या घरातला मुलगाही म्हणू शकेल का? म्हणू शकत असेल तर वाक्य खोडायचे. या मुलाच्या उत्तरातले एकच वाक्य थोडेफार उरले: “माझे वडील व्यावसायिक आहेत.” त्यातलाही “व्यावसायिक” हा शब्द गेला आणि मोटर रिवाइंडिंगचे दुकान पुढे आले.

दुसरी पायरी सांगण्याची. मी त्याला वही मिटायला लावली आणि म्हणालो, “दुकानात घडलेली एखादी गोष्ट सांग. माझ्या आईला सांग. तिला मोटरमधलं काही कळत नाही.” त्याने ती मराठीत सांगितली, कारण घरात ती तशीच घडली होती. फोनवर ती ध्वनिमुद्रित केली आणि जशीच्या तशी उतरवून काढली. ती अशी:

“माझ्या बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, सुट्टीत मी तिथेच असतो. एकदा पंपाची दोन हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर आम्ही करून दिली आणि ती पंधरा दिवसांत परत जळून आली. गिऱ्हाईक म्हणालं, तुमचं काम कच्चं. बाबा फुकट करून द्यायला तयार झाले होते. मी उघडून पाहिली, तर दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसऱ्या फेजच्या अगदी साफ. आमच्या कामात दोष असता तर एखाद्या ठिकाणी जळाली असती. असं आखीव जळत नाही. म्हटलं, एक फेज मिळत नसणार. शेतावर जाऊन बघितलं, तर मेन स्विचमध्ये एका फ्यूजची पकड सैल होती, ठिणग्यांनी काळी पडलेली. ती बदलली, आणि एक फेज गेली तर मोटर बंद करणारं प्रिव्हेंटर लावायला सांगितलं.”

या उत्तरात मेहनती, प्रामाणिक हे शब्द कुठेच नाहीत. पण वडिलांचे नुकसान होऊ नये म्हणून शेतापर्यंत गेलेला मुलगा त्यात दिसतो. विशेषणे उमेदवाराने लावायची नसतात, ती ऐकणाऱ्याने लावायची असतात.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि इथेच पुष्कळांची चूक होते. उतरवलेली ही सुंदर गोष्ट मुले पुन्हा पाठ करायला घेतात! तसे केले की नव्या वहीत जुनेच पाठांतर सुरू होते. म्हणून तो कागद मी काढून घेतो आणि मुलाला एका चिठ्ठीवर चार खुणा लिहायला सांगतो. याच्या खुणा होत्या: परत जळाली, दोन काळ्या आणि एक साफ, सैल फ्यूज, प्रिव्हेंटर. मग हीच गोष्ट तो कधी एका मिनिटात, कधी वीस सेकंदांत सांगतो. कधी शेवटापासून मागे येतो. एकदा मराठीत, एकदा हिंदीत सांगतो; पण वाक्यांचे भाषांतर न करता, त्याच चार खुणांवरून. आम्ही मुद्दाम मध्येच तोडतो. प्रत्येक वेळी शब्द वेगळे आले, की सराव झाला असे समजायचे.

पुढच्या मुलाखतीत हीच गोष्ट निघाली. त्याच्या सांगण्यावरून समितीतील एकाने विचारले, “मोटर स्टार होती की डेल्टा?” तो म्हणाला, “स्टार. डेल्टा असती तर उलट दिसलं असतं. एक फेज जास्त जळली असती आणि दोन बऱ्या राहिल्या असत्या.” ही दोन वाक्ये आम्ही कधीच बसवली नव्हती. ती त्याला येत होती, आणि प्रश्न ती येत असलेल्या जागीच पडला, कारण आमंत्रण आता त्याच्या स्वतःच्या घरचे होते.

या रीतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. व्याख्या, सूत्रे, आकडे, आपल्या प्रकल्पाचे नाव आणि वर्ष हे कीर्तनातल्या पदासारखे पाठच असले पाहिजे. तिथे जुळवाजुळव चालत नाही. ज्याला आरंभी घशाला कोरड पडते, त्याने पहिले एक वाक्य खुशाल पाठ करावे. एकदा आवाज फुटला की गोष्ट पुढे नेते. सहज बोलणे म्हणजे सैल बोलणेही नव्हे. समितीशी बोलताना आदर आणि मुद्दा सोडून चालत नाही. आणि गोष्ट उसनी घेऊन चालत नाही. मी वाक्य नीट करू शकतो, प्रसंग देऊ शकत नाही. दुसऱ्याची जळकी मोटर आपली म्हणून सांगितली, तर स्टार की डेल्टा या प्रश्नापाशीच उघडे पडायला होते. ज्याला वाटते की आपल्यापाशी सांगण्यासारखे काहीच नाही, त्याच्याशी मी तासभर नुसता बोलत बसतो. आईच्या आजारपणातले रुग्णालयाचे हेलपाटे असोत की शाळेच्या स्नेहसंमेलनाचा हिशेब असो, काहीतरी निघतेच.

मुलाखत घेणाऱ्यांनाही हेच हवे असते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण 2025 गुणांपैकी 275 गुण व्यक्तिमत्त्व चाचणीला आहेत. ही चाचणी उलटतपासणीसारखी नसून स्वाभाविक, पण दिशा आणि हेतू असलेल्या संभाषणासारखी असते, असे आयोगाच्या अधिसूचनेतच म्हटले आहे. मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्या उमेदवाराला ही चाचणीही मराठीतून देता येते. म्हणजे नियमानेच संभाषण मागितले आहे. आपण मात्र मुलांना भाषण देऊन पाठवतो.

पालकांना एकच विनंती. मुलाची वही घेऊन “हं, म्हण बघू” असे म्हणू नका. जेवताना त्याला विचारा, “त्या मोटरचं पुढे काय झालं रे?” तो आपल्या शब्दांत सांगू लागेल. मध्ये तोडा, उलट विचारा, भाजी वाढता वाढता विषय बदला आणि पुन्हा त्यावर या. मुलाखतीचा खरा सराव तिथेच होतो.