शेवटची पाच मिनिटं

बी.ए.च्या एका पेपरात शेवटची पाच मिनिटं मी वेलांट्या तपासण्यात घालवली. बाहेर आल्यावर ध्यानात आलं की प्रश्न होता 'करुण रस कसा निर्माण होतो' आणि मी लिहिली होती कवितेची नुसती गोष्ट! कविता गोविंदाग्रजांची, 'राजहंस माझा निजला'. म्हणजे आमचीच म्हणायची. गोविंदाग्रज ऊर्फ राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आमच्या सावनेरातच वारले.

गेल्या वर्षी शेजारची पोर सरावासाठी हाच प्रश्न सोडवून माझ्याकडे आली. पाचच मिनिटं उरली होती. "चाचा, शुद्धलेखन बघून द्या ना."

मी म्हटलं, "आधी उत्तर हातानं झाक. प्रश्न वाच. त्यातला कोणता शब्द काम सांगतो?"

"कसा."

"आता त्या 'कसा'चं उत्तर देणारं वाक्य तुझ्या लिखाणात शोध."

तिनं दोनदा शोधलं. मूल गेलं, आईला ते पटत नाही, ती फार दुःखी आहे, असं सगळं होतं. पण 'कसा' नव्हतं. अशा वेळी पोरं घाबरून सुरुवातीचा परिच्छेदच खोडतात. तो खोडू नये. नवा लिहायला वेळ नसतो, आणि जुन्यातले मिळणारे गुणही जातात. उत्तराखाली तीन-चार ओळी कोऱ्या सोडलेल्या असल्या की तेवढ्यात काम भागतं. तिनं तिथे दोन वाक्यं जोडली. मूल गेल्याचं वाचकाला कळतं, पण आई त्याला झोपलेलंच समजते; तिच्या समजुतीत आणि आपल्याला कळलेल्या सत्यात जे अंतर आहे, त्यातून करुण रस निर्माण होतो. शीर्षकातलं 'निजला' हे क्रियापदही तेच सांगतं. झालं, वरची सारी गोष्ट आता पुरावा म्हणून उभी राहिली.

यानंतर नावं पाहायची. तिनं कवीचं नाव 'बाळकराम' लिहिलं होतं. गडकऱ्यांचंच ते टोपणनाव, पण विनोदी लेखनाचं; कवितेसाठी ते गोविंदाग्रज. एक आडवी रेघ मारून वर बरोबर नाव लिहायचं, गिचमीड करायची नाही. कुणी सरळ 'गडकरी' लिहिलं असेल तर ते चूक नव्हे, तिथे थांबूच नये. मग सुटलेला 'नाही' शोधायचा. 'आईला पटत नाही'मधला 'नाही' घाईत गळला, तर सारा अर्थच उलटतो.

अर्थात एखादा प्रश्न अख्खा कोराच राहिला असेल, तर हे सारं सोडून त्याच्या चार ओळी आधी लिहाव्यात.

तिच्या वहीत 'करुण'चा 'रु' तीन जागी दीर्घ पडला होता. उरलेल्या अर्ध्या मिनिटात दोन दुरुस्त झाले. तिसरा तसाच राहिला.