जाहिरातीत उरलेल्या ओळी

समोर डिप्लोमा नुकताच हातात पडलेली मुलं दिसताहेत आणि त्यांच्या शेजारी त्यांचे आईवडीलही. म्हणून आज मी एकच जाहिरात घेऊन आलो आहे. ती कुठल्या एका कंपनीची नाही. नेहमी दिसणाऱ्या ओळी जोडून मी ती तयार केली आहे, पण चाकण-भोसरी पट्ट्यात नोकरी शोधणाऱ्याला ती पाठ असल्यासारखी वाटेल. कारखाना गाड्यांच्या सुट्या भागांचा, मशीनिंगचा. पद क्वालिटी इंजिनिअरचं.

कामं अशी दिली आहेत: ग्राहकाच्या तक्रारींचे निराकरण करून एट-डी अहवाल मुदतीत सादर करणे. ग्राहकाच्या कारखान्याशी दैनंदिन संपर्क ठेवणे. नव्या पार्टची पीपीएपी फाइल तयार करणे. आयएटीएफ १६९४९ च्या ऑडिटला साहाय्य. फाइव्ह-एस व कायझेनमध्ये सहभाग. व्यवस्थापन वेळोवेळी सोपवील ती अन्य कामे.

अपेक्षा अशा: मेकॅनिकल डिप्लोमा किंवा बीई, २ ते ४ वर्षे अनुभव. पीपीएपीचा प्रत्यक्ष अनुभव आवश्यक. एसपीसी, एमएसएचे ज्ञान. सॅप येत असल्यास प्राधान्य. एक्सेल व पॉवरपॉइंटवर प्रभुत्व. स्वतःची दुचाकी. ताणाखाली काम करण्याची तयारी. तातडीने रुजू होणाऱ्यास प्राधान्य. साप्ताहिक सुट्टी गुरुवार.

आपली मुलं ही जाहिरात वरून खाली वाचतात, तीन गोष्टी जुळल्या की अर्ज टाकतात. मी म्हणतो, एक कोरा कागद घ्या आणि आधी कामांच्या ओळीतली क्रियापदं बघा. ‘सादर करणे’, ‘तयार करणे’ यात काहीतरी ठरावीक वस्तू ठरावीक माणसाच्या हातात द्यायची आहे. ती नाही दिली तर जाब तुम्हाला विचारला जाणार. ‘साहाय्य’, ‘सहभाग’ यात जबाबदारी दुसऱ्याची आहे, तुम्ही हातभार लावायचा. एवढी चाळणी लावली की सहा ओळींतून दोन उरतात: तक्रार आली की एट-डी, आणि नवा पार्ट आला की पीपीएपी. कागदावर ‘मुख्य काम’ म्हणून या दोनच लिहा. ग्राहकाशी रोजचा संपर्क तक्रारीच्या पोटात जातो.

आता कौशल्यं. इथे ‘आवश्यक’, ‘ज्ञान’ आणि ‘प्राधान्य’ या तीन पायऱ्या आहेत. पीपीएपी आवश्यक म्हटलंय, म्हणजे फाइल कधीच हाताळली नसेल तर बायोडेटा बहुधा पहिल्या चाळणीतच बाजूला पडेल. ‘ज्ञान’ ही मधली पायरी. गेज आर-अँड-आरचा आकडा १० टक्क्यांच्या आत आला तर मापन चांगलं, ३० च्या वर गेला तर ती मापनपद्धत चालणार नाही, मधला आला तर कामाचं गांभीर्य बघून ठरवायचं, इतकं शांतपणे सांगता आलं तरी ही पायरी चढता येते. सॅपचं मात्र मनावर घेऊ नका. प्राधान्याच्या ओळीला घाबरून अर्जच न करणारी हुशार मुलं मी बरीच पाहिली आहेत.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक अपेक्षेपुढे ती ज्या कामाला लागते ते काम लिहा आणि जोड्या लावा. पीपीएपीला जोडी आहे. एसपीसी-एमएसए त्या फाइलमध्येच लागतात, त्यांनाही आहे. पण कारखान्यात उभं राहून करायच्या कामाला स्वतःची दुचाकी कशाला? पॉवरपॉइंटवर प्रभुत्व कशाला, जाहिरातीत सादरीकरणाचं नावही नसताना? जोडी न लागलेल्या या ओळी बाजूला काढा. न लिहिलेल्या अपेक्षा तिथेच सापडतात.

दुचाकीची ओळ तक्रारीच्या ओळीशेजारी ठेवून बघा. एट-डी म्हणजे आठ टप्प्यांची तक्रार-निवारणाची पद्धत. तिचा तिसरा टप्पा तात्पुरत्या बंदोबस्ताचा असतो. खराब भाग सापडला की मूळ कारण शोधण्याआधी ग्राहकाकडचा, वाटेतल्या गाडीतला आणि आपल्या गोदामातला सगळा माल निवडून काढायचा, म्हणजे शॉपच्या भाषेत सेग्रिगेशन करायचं. ग्राहकाची लाइन थांबलेली असते, म्हणून हे काम सकाळपर्यंत थांबत नाही. आता दुचाकीचा अर्थ लागतो: रात्री फोन आला की ग्राहकाच्या कारखान्यात जाऊन पेट्या उघडणारा माणूस बहुधा तुम्ही असाल. पॉवरपॉइंटही त्याच वाटेनं येतं, कारण झालेल्या प्रकाराचा खुलासा ग्राहकापुढे मांडावा लागतो.

गुरुवारचं तसंच. आपल्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असणं नवं नाही. पण ग्राहकाचा कारखाना रविवारी बंद राहणारा असेल तर गुरुवारी त्याची लाइन चालू असते आणि तक्रार त्या दिवशीही येऊ शकते. तुमची सुट्टी कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात अर्धी, असं होऊ शकतं.

मी ‘बहुधा’ आणि ‘होऊ शकतं’ म्हणतोय, ते सवयीनं नव्हे. हे तर्क आहेत, आणि तर्क चुकतात. ‘तातडीने रुजू’ घ्या. आधीचा माणूस वैतागून गेला असेल, किंवा नवी ऑर्डर मिळून पीपीएपीची तारीख जवळ आली असेल. दुसऱ्या शक्यतेत नोकरी चांगलीच आहे. ‘ताणाखाली काम’ तर बऱ्याचदा एचआरच्या जुन्या फाइलमधून तसंच उचललेलं असतं. ओळखायची सोपी युक्ती अशी, की त्याच कंपनीची स्टोअरकीपरची किंवा अकाउंटंटची जाहिरात काढून बघायची. तिथेही तेच वाक्य शब्दशः असेल तर त्यावरून या पदाबद्दल काहीच कळत नाही, खोडून टाका. फक्त क्वालिटीच्याच जाहिरातीत असेल तर ठेवा.

म्हणून मुख्य काम आणि कौशल्यांनंतर कागदावर न लिहिलेल्या अपेक्षांचा तिसरा रकाना करा, आणि त्यात प्रत्येक तर्कापुढे दोन गोष्टी लिहायच्या: तो कुठल्या ओळीवरून काढला, आणि मुलाखतीत काय विचारून तपासणार. ओळ दाखवता येत नसेल तर ती तुमची भीती आहे, तिथे लिहू नका. आपल्या जाहिरातीचा कागद असा होईल:

मुख्य काम: ग्राहकाची तक्रार आल्यावर माल रोखणे, कारण शोधणे, मुदतीत एट-डी देणे, नव्या पार्टची पीपीएपी फाइल पूर्ण करणे.

कौशल्यं: पीपीएपी हातानं केलेलं हवं, एसपीसी-एमएसए समजावून सांगता यायला हवं, सॅप नसलं तरी चालेल.

न लिहिलेलं: अवेळी ग्राहकाकडे जाणं (दुचाकी, रोजचा संपर्क), ग्राहकासमोर खुलासा मांडणं (पॉवरपॉइंट), सुट्टीत फोन (गुरुवार), जागा का रिकामी, माहीत नाही (तातडी).

या कागदानं बायोडेटाचा क्रमही बदलतो. कॉलेजातलं प्रोजेक्ट आणि कायझेनचं प्रमाणपत्र खाली जातं आणि तुम्ही शेवटपर्यंत नेलेली एखादी तक्रार वर येते: कुठला भाग, काय दोष, कारण काय निघालं, पुन्हा तक्रार आली का. तेवढ्या चार ओळी पुरतात.

आणि मुलाखतीत ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हटल्यावर मान हलवून उठू नका. विचारा, ‘सर, गेल्या तीन महिन्यांत ग्राहकाकडे सेग्रिगेशनला किती वेळा जावं लागलं, आणि कोण गेलं होतं?’ ‘ही जागा नवी आहे की कुणी सोडून गेलंय?’ समोरच्यानं आकडा सांगितला, अगदी मोठा सांगितला, तरी तो लिहून घ्या. निदान मोजणारा माणूस समोर बसलाय. त्यानं ‘आम्ही इथं एका कुटुंबासारखे राहतो’ असं उत्तर दिलं, तर रकान्यातलं प्रश्नचिन्ह तसंच राहू द्या आणि ऑफर लेटर येईपर्यंत दुसरीकडचे अर्ज चालू ठेवा.