मुळं न शोधता मुळांविषयी

कागद-पेन्सिल जवळ असेल तर एक समीकरण लिहून घ्या: क्ष³ − ३क्ष + १ = ०. याला तीन मुळं आहेत आणि एकही पूर्णांक नाही. त्यांना अ, ब, क म्हणू. दहावीत वर्गसमीकरणाची मुळं आणि सहगुणक यांचं नातं आपण शिकलो, तेच इथे लावलं की तीन गोष्टी कळतात. मुळांची बेरीज ०. दोन-दोनांच्या गुणाकारांची बेरीज, म्हणजे अब + बक + कअ, ही −३. आणि तिघांचा गुणाकार −१. या तीन राशींना मूलभूत सममित राशी म्हणतात.

आता अ²ब, अ²क, ब²अ, ब²क, क²अ, क²ब या सहा पदांची बेरीज किती? मुळांची नावं कशीही अदलाबदल केली तरी ही बेरीज तीच राहते. तिचं पहिलं पद अ²ब. ते मिळवायला पहिली मूलभूत राशी दुसरीने गुणू. नऊ पदं येतात: आपली सहा, आणि अबक तीनदा. म्हणून त्या गुणाकारातून अबकची तिप्पट वजा करायची. शून्य वजा उणे तीन, उत्तर ३. एकही मूळ न शोधता! कुठल्याही सममित बहुपदीचं असंच पहिलं पद पकडून वजा करत गेलं की काम संपतंच, कारण उरलेल्याचं पहिलं पद दर वेळी शब्दकोशातल्या क्रमाने मागे सरकतं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार एवढंच लागतं, भागाकारसुद्धा नाही.

याचं कारण मला फार सुंदर वाटतं. समीकरण (क्ष − अ)(क्ष − ब)(क्ष − क) या गुणाकारातून येतं आणि गुणाकाराला क्रम नसतो. कोणतं मूळ अ आणि कोणतं ब, हे सहगुणकांना ठाऊकच नाही. ज्या बहुपदीलाही ते ठाऊक नाही, ती सहगुणकांतून मिळते.

मग सहातली तीनच पदं घेतली तर? अ²ब + ब²क + क²अ. अ आणि ब यांची नावं बदलली की ही राशी उरलेल्या तीन पदांची होते. सहगुणकांवरून तिची एक किंमत ठरत नाही, दोन शक्यता उरतात. पण त्या दोन किमतींची बेरीज आणि गुणाकार मात्र सममित! बेरीज ३ आपण काढलीच, आणि त्याच रीतीने गुणाकार −१८ येतो. म्हणजे त्या किमती त² − ३त − १८ = ० या वर्गसमीकरणाची मुळं: ६ आणि −३. यातली कोणती, ते नावं कशी ठेवली त्यावर अवलंबून.

नावं बदलल्यावर राशी किती किमती घेते, ही मोजणी लाग्रांज यांनी १७७०-७१ च्या सुमारास बर्लिनमध्ये केली. तिसऱ्या घाताचं समीकरण सुटतं ते अशाच दोन किमतींच्या राशीमुळे, हे त्यांनी दाखवलं. पाचव्या घाताला तीच रीत लावली, तेव्हा सोडवायला हाती आलं ते सहाव्या घाताचं समीकरण.