एकटी कुठं चाललीस?

(नाकाडोंगरी येथे महिला मंडळांच्या सांस्कृतिक संध्येत केसरबाई केरकर यांची ध्वनिमुद्रिका ऐकवण्यापूर्वी केलेले भाषण)



खडी गंमत सुरू व्हायला अजून वेळ आहे, तोवर मला एका गायिकेची ओळख करून द्यायला सांगितले आहे. ती इथे येणार नाही. 1977 सालीच ती वारली. तिचा आवाज तेवढा आपल्याजवळ आहे, फक्त साडेतीन मिनिटांचा. तिचे नाव केसरबाई केरकर.

शास्त्रीय गाणे म्हटले की आपल्यातल्या पुष्कळजणी आधीच मागे सरकतात. ‘ते आम्हाला कळत नाही’ म्हणतात. म्हणून आज मी राग, ताल, घराणे यांतले काही सांगणार नाही. कशाकडे कान द्यायचा एवढेच सांगते.

गाण्याचे बोल आहेत ‘जात कहाँ हो’. एकट्या निघालेल्या मुलीला कोणीतरी विचारते आहे, एकटी कुठं चाललीस? हा प्रश्न या मांडवातल्या प्रत्येकीने ऐकलेला आहे. बसथांब्यावर ऐकलेला, खाणीच्या रस्त्यावर ऐकलेला, माहेरी निघताना सासूच्या तोंडून ऐकलेला. कधी त्यात काळजी असते, कधी दरडावणी, कधी टवाळी. शब्द तेच असतात. फरक कळतो तो आवाजाच्या वळणावरून. हे गाणे ऐकायला एवढी तयारी पुरते, आणि ती आपल्या सगळ्यांची झालेली आहे.

आता भजन मंडळाच्या ताई पेटी घेऊन बसल्याच आहेत, त्यांना एक विनंती करते. ताई, आधी नुसत्या पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजवा, एक ते सात. ऐकलेत? सरळ, उजेडातले वाटते. आता हे वाजवा: पांढरी एक, काळी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार, काळी पाच. बघा, सूर सातच आहेत. त्यांतले चार थोडे खाली उतरवले, आणि सगळ्याचा रंग पालटला. लेक सासरी निघताना घराला जो रंग येतो, तसा मला तो वाटतो. तुम्हाला वेगळा वाटला तर तोही खरा. या रंगाला भैरवी म्हणतात. हा एकच शब्द आज लक्षात ठेवा, कारण मैफल बहुधा भैरवीने संपवतात, तेव्हा तो पुन्हा कानावर येईल.

पेटीला मात्र एक अडचण आहे. ती एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारते. मधली जागा तिला दाखवता येत नाही. माणसाच्या गळ्याला ती येते. आपण जात्यावर किंवा रोवणीला गातो तेव्हा ओळीच्या शेवटी सूर ओढत खाली आणतो ना, तसे. बांधीतून पाणी धुऱ्याच्या फटीतून हळूहळू पलीकडे उतरते, तसा केसरबाईंचा सूर एका जागेवरून दुसरीकडे जातो. कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. त्या उघड्या गळ्याने, भरघोस आवाजात गातात. बाईने गाताना आवाज बारीक, नाजूक करावा अशी आपल्याकडे सवय लावलेली असते. इथे तसे नाही. सूर वर गेला तरी आवाज चिमटल्यासारखा होत नाही, आणि खाली आला तरी पुटपुटल्यासारखा होत नाही. दम कुठे घेतला ते ऐकायचा प्रयत्न करा, फार क्वचित सापडेल. मायक्रोफोनवर गाणे त्यांना आवडत नसे आणि रेडिओवर त्या गात नसत, म्हणून त्यांची मुद्रणे थोडीच आहेत.

तबला मागे एक फेरी पुन्हा पुन्हा मोजत असतो. किती मात्रांची, ते मोजत बसू नका. रोवणीत सगळ्यांचे हात एकदम चिखलात उतरतात, तशी एक जागा दर फेरीत येते. गाणे कितीही भटकले तरी त्या जागेवर परत येऊन टेकते. दोन-तीनदा ऐकलेत की आपोआप मान हलेल. मान हलली म्हणजे ती जागा तुम्हाला सापडली.

आणि बोल मोजा. तेच बोल पुन्हा पुन्हा येतील. कंटाळून म्हणू नका की बाई एकच ओळ गाते. दर वेळी प्रश्न वेगळा विचारला जातो आहे का, तेवढे पाहा.

केसरबाईंचा जन्म 1892 सालचा, गोव्यातल्या केरी गावचा. त्या कलावंतांच्या समाजातल्या. देवळाशी आणि श्रीमंतांच्या आश्रयाशी बांधलेल्या या घरांतल्या बायकांना गाता येत होते, पण गाणाऱ्या बाईला मान नव्हता. लहानपणी त्या कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. मग गुरू बदलत, तालीम तुटत, पुन्हा जोडत गेली. 1921 पासून अल्लादिया खाँसाहेबांकडे पक्की तालीम सुरू झाली तेव्हा त्यांची तिशी जवळ आली होती. ती तालीम 1946 मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत चालली. पंचवीस वर्षे! लग्न झाले, आता काय शिकायचे, असे विशी-बाविशीतल्या मुली मला सांगतात तेव्हा हा आकडा मला आठवतो. पुढे 1969 साली पद्मभूषण वगैरे झाले, ते सांगून पुढे जाते.

ही तबकडी कुठे आहे ते सांगायचे राहिले. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने आकाशात सोडली. प्रत्येकावर पृथ्वीवरचे आवाज भरलेली सोनेरी तबकडी आहे. तिच्यात जगभरातल्या संगीताचे 27 तुकडे आहेत आणि भारतातला हा एकच. दुसरे यान 5 सप्टेंबरला सुटले आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. 2012 साली त्यांतले एक यान सूर्याच्या प्रभावाचा घेर ओलांडून बाहेर पडले. म्हणजे एकटी कुठं चाललीस हा प्रश्न घेऊन ती बाई सगळ्यांत लांब गेली आहे. वर्तमानपत्रे याचा अभिमान सांगतात. सांगू देत. ज्या घरातल्या बायकांना एकेकाळी पंगतीत बसवत नव्हते त्या घरातली ही बाई, हेही त्याच बातमीत छापले तर मला जास्त बरे वाटेल.

आपल्या झाडीपट्टीत बाईचा आवाज बांधीत चालत आला आहे, जात्यावर चालत आला आहे. मंडपात मात्र खडी गंमत आणि दंडारीत बाईचे सोंग पुरुषानेच लुगडे नेसून घ्यायची रीत. आता झाडीपट्टीच्या नाटकांत बाया काम करतात, पण कार्यक्रम संपून रात्री दोनला घरी परतताना तिला काय विचारतात ते त्या बायांनाच विचारा. भजन मंडळातल्या दोघीतिघींनी सरावाला येणे सोडले ते याच कारणाने. सूर जमत नव्हते म्हणून नव्हे, परतीच्या वाटेवर ‘कुठं चाललीस’ ऐकावे लागते म्हणून. सध्या आम्ही सराव सातऐवजी पाचला ठेवला आहे आणि चौघीजणी मिळून परततात. उपाय तात्पुरता आहे हे मलाही दिसते. वाट त्यांनी का बदलायची, हे कोडे सुटलेले नाही.

मुद्रण जुने आहे, खरखर येईल. पावसात टिनावर पडणाऱ्या सरींतून आपण बोलणे ऐकतोच की, तसे ऐका. आणि एक मर्यादा सांगून ठेवते. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत, म्हणून गाणे तेवढ्यात आटोपले आहे. समोर बसून ऐकणाऱ्यांना त्या एकच राग तासभर ऐकवत. तेव्हा पहिल्यांदा नुसते ऐकू. दुसऱ्यांदा लावू तेव्हा बोल मोजू. मग प्रत्येकीने सांगायचे, विचारणारा कोण वाटला, आई, नवरा, मैत्रीण की रस्त्यावरचा माणूस. माझे उत्तर दोन वेळा बदलले आहे, ते आत्ता सांगत नाही.

मागच्या पोरांनो, पंखा बंद करा जरा. लावा ताई.