कोर्टात पैसे भरा, मगच बोला: असं कधी होतं?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)

मी वकील नाही, समाजकार्य शिकलेली तुमच्यातलीच मुलगी. पण गटात फिरताना एक प्रश्न सारखा येतो, "कोर्टाचा कागद आलाय, आता काय?" त्यातल्या एकाच कागदाबद्दल आज सांगते, कारण त्यात दिवस फार थोडे असतात.

आपण कुणाला चेक दिला, प्रॉमिसरी नोट लिहून दिली, किंवा ठरलेली रक्कम देईन असा लेखी करार केला, आणि पैसे दिले नाहीत, तर समोरचा ‘समरी दावा’ लावू शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 37 खाली तो चालतो. नेहमीच्या दाव्यात आपण लेखी म्हणणं मांडतो आणि केस पुढे जाते. इथे तसं नाही. इथे आधी न्यायाधीशांकडे मागावं लागतं, "मला बचाव करू द्या." समन्सवर ऑर्डर 37 लिहिलेलं आणि दहा दिवसांची मुदत दिलेली असेल, तर हा तोच कागद समजा.

इथेच गल्लत होते, कारण दहा दिवस दोनदा येतात. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत कोर्टात हजेरी नोंदवायची आणि पत्ता द्यायचा. वकील लावला, वकीलपत्र दिलं, की बायका निवांत होतात. पण त्यानंतर समोरचा दुसरा समन्स पाठवतो, निकाल मागण्याचा. तो मिळाल्यापासून पुन्हा दहा दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बचावाच्या परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. यातली एकही पायरी चुकली तर समोरचा निकाल मागू शकतो. उशीर झाला आणि खरं, पटणारं कारण दाखवता आलं तर कोर्ट तो माफ करू शकतं, पण त्यावर विसंबू नका.

आता पैशांचं. समजा एका ताईंनी कोंबड्यांच्या खाद्याची उधारी घेतली आणि दुकानदाराला 2,00,000 रुपयांची प्रॉमिसरी नोट लिहून दिली. त्याने पूर्ण 2,00,000 चा दावा लावला. व्याज तूर्त बाजूला ठेवू. ताईंचं म्हणणं असं: 90,000 बँकेतून दिले, पासबुकात नोंद आहे. 70,000 रोख दिले, पावती नाही. 40,000 द्यायचे बाकी आहेत.

कोर्ट या तीन रकमांकडे वेगवेगळं बघतं. 40,000 ताईंनी स्वतः कबूल केले. कायदाच सांगतो, कबूल केलेली रक्कम कोर्टात भरल्याशिवाय बचावाची परवानगी मिळत नाही. 90,000 बाबत कागद बोलतो. दुकानदार म्हणेल, ‘ती रक्कम दुसऱ्या उधारीची होती’, पण मग तेच तर तपासायचं आहे, म्हणून तेवढ्यापुरती बिनशर्त परवानगी मिळायला हवी. अडचण 70,000 ची. नुसतं "रोख दिले" म्हटलं तर ते खोटं ठरत नाही, पण पटेलच असंही नाही. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाऊन या निकालात हेच टप्पे मांडले. बचाव भक्कम असेल तर अट नाही. मुद्दा तपासण्याजोगा आणि रास्त असेल तरी सहसा अट नाही. बचावाच्या खरेपणाबद्दल शंका असेल तर पैसे भरायची किंवा तारण द्यायची अट येऊ शकते. बचाव शक्य पण पटण्यासारखा नसेल तर अट पूर्ण मुद्दल आणि व्याजापर्यंतही जाऊ शकते. आणि बचावच नसेल तर परवानगीच नाही, थेट निकाल.

म्हणजे ताईंना 40,000 तर भरावेच लागतील, आणि 70,000 पैकी काही किंवा सगळे भरायला सांगितलं जाऊ शकतं. किती, ते न्यायाधीश ठरवतात. ताईंच्या हातात एकच गोष्ट आहे, प्रतिज्ञापत्रात तपशील द्यायचा. कोणत्या तारखेला, कुणासमोर, कुठल्या पैशातून दिले? बचत गटाच्या वहीत त्या दिवशीचं अंतर्गत कर्ज लिहिलेलं असेल तर तीही जोडावी. ‘हिशेब चुकीचा आहे’ एवढंच मोघम लिहिलं, की शंका वाढते. (आणि हो, वही आजपासून नीट ठेवा, नंतर लिहिलेली वही लगेच ओळखू येते!)

भरलेले पैसे लगेच दुकानदाराला मिळतात असं समजू नका. ते साधारणपणे कोर्टाकडे जमा राहतात आणि निकालानुसार त्यांचं काय करायचं ते ठरतं. मात्र सांगितलेल्या मुदतीत भरले नाहीत, तर त्याच कारणावरून दुकानदार लगेच निकाल मागू शकतो. रक्कम जड वाटत असेल तर मुदतीच्या आत वकिलामार्फत मुदतवाढ मागा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. जाताना समन्स, त्यासोबतची दाव्याची प्रत, पासबुक आणि समन्स कोणत्या तारखेला हातात पडला ती नोंद सोबत घ्या.