निरोपाचा सराव
(पालकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बालमानसतज्ज्ञ नाही. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला शाळेत सोडायची वेळ आली तेव्हा मी या विषयावर बरंच वाचलं, मुलांच्या समुपदेशक बाईंना भेटले आणि महिनाभर घरी सराव केला. त्यातलं जे उपयोगी पडलं तेवढंच आज सांगणार आहे.

जूनच्या मध्यात शाळा सुरू होते तेव्हा फाटकापाशी काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. मूल अम्मीची ओढणी सोडत नाही. अम्मी दोन पावलं जाते, रडणं ऐकून परत येते, जवळ घेते, पुन्हा निघते, पुन्हा वळते. शेवटी कुणीतरी मोठं माणूस सल्ला देतं, "ती पाहा, खेळण्यात गुंगली, निघ गुपचूप." अम्मी मागच्या बाजूने सटकते. दुसऱ्या दिवशी रडणं दुप्पट झालेलं असतं.

असं का होतं ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आई दिसेनाशी झाली की घाबरणं ही मुलाची खोड नाही. साधारण आठव्या महिन्यापासून ते दिसू लागतं, दीड वर्षापर्यंत जोरात असतं आणि तीन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांमध्ये ओसरतं. जॉन बोल्बी नावाच्या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने या विषयावर १९७३ साली एक अख्खा ग्रंथ लिहिला. पाचव्या वर्षी नवी जागा, अनोळखी बाई आणि तीसचाळीस मुलांचा गोंगाट एकदम समोर आला की ती जुनी भीती पुन्हा डोकं वर काढते. जी मुलं बालवाडीत गेलेली नसतात त्यांच्यात ती जास्त दिसते.

ही भीती चढते, एका टोकाला पोहोचते आणि आपोआप उतरते. पण मूल टोकावर असताना आपण परत आलो, तर त्याला उतार कधी दिसतच नाही. अम्मी आली म्हणूनच भीती गेली, एवढंच त्याला कळतं, आणि मोठ्याने रडलं की अम्मी येते हेही कळतं. गुपचूप जाण्याचा तोटा वेगळा आहे. नजर हटली की अम्मी नाहीशी होऊ शकते, असं मूल शिकतं. मग ते घरातसुद्धा नजर हटवत नाही. तुम्ही न्हाणीघरात गेलात तरी दाराबाहेर बसून राहतं. म्हणून निरोप सांगून घ्यायचा, थोडक्यात घ्यायचा आणि दिलेल्या वेळी परत यायचं. हे घरात, सोप्या प्रसंगांपासून शिकवता येतं.

आता माझ्या मुलीचं सांगते. घरी आम्ही तिला गुड्डी म्हणतो. माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे जन्मापासून मी दाराच्या पलीकडेच असायची आणि नानी सोबत. शहर बदलण्याच्या गडबडीत तिची बालवाडी राहिली. जूनमध्ये ती थेट मोठ्या शिशूवर्गात जाणार होती. मे महिना आमच्या हातात होता.

सरावाआधी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, निरोपाचं एकच ठरलेलं रूप. एकदा घट्ट मिठी, एक वाक्य, "खुदा हाफिज", आणि निघायचं. वाक्यात दोनच गोष्टी हव्यात, मी नसताना जवळ कोण असेल आणि मी कधी येईन. सगळं मिळून अर्ध्या मिनिटात संपवायचं. "रडू नकोस हं", "घाबरायचं नाही", "चॉकलेट आणते" यातलं काही जोडायचं नाही. रडू नकोस म्हटलं की रडण्यासारखं काहीतरी आहे हे मुलाला कळतं. चॉकलेटची किंमत तर आठवड्याभरात वाढत जाते.

दुसरी गोष्ट वेळेची. "अर्ध्या तासात येते" याचा पाच वर्षांच्या मुलाला नीट अर्थ लागत नाही, पण अमुक झाल्यावर तमुक हे पक्कं कळतं. म्हणून आमची वेळ चपात्यांवर चालायची. "मी दूध आणायला खाली जाते. नानी तुझ्याजवळ आहे. नानीच्या चार चपात्या झाल्या की मी आले. खुदा हाफिज." चार चपात्या म्हणजे आमच्याकडे पाचेक मिनिटं. पहिल्या दिवशी गुड्डी दाराला नाक लावून रडत उभी होती. रडण्याचा आवाज जिन्यात येत होता, तरी मी दूध घेऊनच आणि चौथ्या चपातीलाच वर आले. लवकरही आले नाही, उशीरही केला नाही. तिसऱ्या दिवशी ती दारापाशी उभी राहिली, पण रडली नाही. पाचव्या दिवशी ओट्याजवळ बसून चपात्या मोजत होती.

पुढच्या पायरीवर कधी जायचं? लागोपाठ तीन वेळा मूल फार न रडता थांबलं की जायचं. थोडी कुरकुर चालते. कुरकुर पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली तर शाळा सुरू होऊन जाईल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वेळ किंवा जागा किंवा माणूस. हे आमच्या धंद्यातलं जुनं शहाणपण आहे. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर बिघाड कशाने झाला ते शोधता येत नाही. आमच्याच इमारतीतल्या एका घरी मुलाला पहिल्याच फेरीत दोन तासांसाठी आत्याकडे, तेही दुसऱ्या वस्तीत, ठेवलं. ते पोर आठवडाभर कुणाच्याच घरी जायला तयार होईना.

आम्ही नानीबरोबरच वेळ वाढवत अर्ध्या तासावर आणली. मग माणूस बदललं. शाळेत नानी नसणार, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या खाला. आधी दोन दिवस मी खालांकडे सोबत बसले. मग दहा मिनिटांसाठी एकटी सोडली, आणि तिथे गाडी अडली. तीन दिवस गुड्डी दहाही मिनिटं रडली. अशा वेळी पायरी सोडून द्यायची नाही, तिचे दोन तुकडे करायचे. पहिली पाच मिनिटं नानी खालांकडे बसायची, मग तीही निरोप घेऊन यायची. चार दिवसांत काम झालं. मेच्या शेवटी गुड्डी खालांकडे दीड तास राहत होती.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते बाहुलीच्या खेळाने. खेळ असा, की मूल अम्मी होतं आणि बाहुली मूल. आता निरोप मुलाने घ्यायचा. गुड्डी माझी पर्स लटकवून "ऑफिसला" निघाली. बाहुली रडते का, मी विचारलं. "हो." का रडते? "तिची अम्मी तिला न्यायला विसरणार आहे."

मी समजत होते की तिला शाळेची भीती आहे. तिला भीती होती सुटण्याच्या वेळेची. तेव्हा उपायही तिथेच करायचा होता. आम्ही तिघी मेच्या शेवटच्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी गेलो. शाळा बंदच होती. सुटल्यावर तू या निंबाखाली उभी राहशील, मी त्या पांढऱ्या भिंतीच्या बाजूने येईन, हे प्रत्यक्ष चालून दाखवलं. मला उशीर झाला तर? खाला येतील. खालांनाही उशीर झाला तर? बाई तुला सोडून जाणार नाहीत, त्यांच्याजवळ बसायचं. हे प्रश्न तिने निदान दहा वेळा विचारले आणि दहाही वेळा तेच उत्तर दिलं. मुलं उत्तर बदलतं का ते तपासत असतात.

एक छोटी गोष्ट, जी आपल्या घरांत विसरली जाते. घरी आपण दखनी बोलतो आणि शाळा मराठी किंवा इंग्रजी असते. "शू लागली", "पाणी हवं", "पोट दुखतंय" एवढं बाईंच्या भाषेत सांगता येत नसेल, तर अम्मी नसणं म्हणजे मुलासाठी खरोखर मुकं होणं असतं. अशी पाचसहा वाक्यं पक्की करून घ्या. शू दाबून बसल्यामुळे रडणारी मुलंही असतात.

शाळेचा पहिला दिवस शांत गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तिने आकांत केला. हे नेहमीचं आहे. पहिल्या दिवशी नवलाई असते, दुसऱ्या दिवशी हे रोजचंच आहे हे कळतं. मी मिठी मारली, वाक्य म्हटलं, "बाई आहेत, डबा खाऊन गोष्ट झाली की मी निंबाखाली", तिचा हात बाईंच्या हातात दिला आणि निघाले. खिडकीतून डोकावले नाही. मुलाने पाहिलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

फाटकापाशी मूल किती रडलं यावरून काही ठरवू नका. बाईंना रोज एकच प्रश्न विचारा, "मी गेल्यावर किती वेळाने गप्प झाली?" आणि तो आकडा वहीत लिहा. आमच्या वहीत दुसऱ्या दिवशी अर्धा तास होता. पुढच्या गुरुवारी पाच मिनिटं. फाटकापाशी मात्र ती त्या गुरुवारीही रडलीच होती. वही नसती तर काहीच सुधारणा नाही असं मला वाटलं असतं.

कधी मदत घ्यायची? हा आकडा तीनचार आठवड्यांत उतरत नसेल, शाळेच्या सकाळीच पोट दुखत असेल किंवा उलट्या होत असतील आणि रविवारी काहीच नसेल, रात्री अम्मी हरवल्याची स्वप्नं पडत असतील, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे आणि मग समुपदेशकाकडे जा. आणि महिनाभर खुशीत जाणारं मूल अचानक नको म्हणू लागलं, तर निरोपाचा सराव करत बसू नका. शाळेत काय घडलं ते शोधा. कुणी मारतं का, संडासात जायला भीती वाटते का. मुलांना मारायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार बंदी आहे, हे शाळेला सांगायला कचरू नका.

ताप येऊन गेला, ईदची सुट्टी झाली, की दोनतीन दिवस पुन्हा रडारड होते. गुड्डीचं जुलैत झालं. तेव्हा आम्ही पहिल्या पायरीवर गेलो नाही. आदल्या संध्याकाळी एकदा खालांकडे अर्धा तास, आणि सकाळी तेच वाक्य.

माझी वेळ संपली. ज्यांची मुलं या जूनमध्ये जाणार आहेत त्यांचे प्रश्न आधी घेऊ.